बादली स्वस्त झाली, मग देश तोट्यात कसा?

प्रश्न: सर, मी ठाण्यात एमए इकॉनॉमिक्स करतेय. नोट्समध्ये ट्रेड क्रिएशन चांगलं, ट्रेड डायव्हर्जन वाईट एवढंच दिलंय. पण शेजारचे देश कस्टम्स युनियन करतात तेव्हा गिऱ्हाइकाला माल स्वस्तच मिळतो ना, मग नुकसान नेमकं कुठे होतं? आणि खऱ्या धंद्यात ते ओळखायचं कसं?

उत्तर:

नुकसान दुकानात दिसतच नाही, ते सरकारच्या तिजोरीत होतं, म्हणून सगळे फसतात. मी वाशीत बसून वीसेक वर्षं ईस्ट आफ्रिकेला माल पाठवायचं काम करतोय, जास्त करून प्लास्टिकचा घरगुती माल, बादल्या, टब, डबे, आणि मधूनमधून तांदूळ. त्यामुळे मी युरोपचं उदाहरण देत नाही, ते पुस्तकात मिळेलच. मी केनिया, युगांडा आणि टांझानियाच्या युनियनचं सांगतो, कारण तिथे डायव्हर्जन, म्हणजे ड्यूटीमुळे गिऱ्हाईक स्वस्त विक्रेत्याकडून महाग भागीदाराकडे वळणं, कसं असतं ते मी उलट्या बाजूने बघितलंय, म्हणजे ज्याचा माल डायव्हर्ट झाला त्याच्या बाजूने.

आधी एक गोष्ट साफ करून घे. साधा एफटीए, म्हणजे मुक्त व्यापार करार, आणि कस्टम्स युनियन यात फरक असा की युनियनमध्ये आपसात ड्यूटी काढतातच, पण बाहेरच्या मालावर सगळ्यांनी एकच दर लावायचा असतो, त्याला कॉमन एक्स्टर्नल टॅरिफ म्हणतात. सगळा खेळ या कॉमन दरात आहे. या तिघांच्या ईस्ट आफ्रिकन कम्युनिटीची कस्टम्स युनियन १ जानेवारी २००५ ला चालू झाली आणि दर ठरले तीन: कच्च्या मालाला ०, अर्धवट तयार मालाला १०, तयार मालाला २५ टक्के. आता बघ, युगांडाचा आधीचा सगळ्यात वरचा दर होता १५, आणि केनियाचा होता ३५. म्हणजे तोच २५ चा आकडा केनियासाठी खाली येणं होतं आणि युगांडासाठी वर जाणं. एकच करार, पण दोघांना लागलेलं औषध वेगळं. (युगांडाने काही कच्च्या मालासाठी जुने दर काही वर्षं चालू ठेवायची सोय करून घेतली होती, ते सोड.)

आता बादलीचं गणित. दर खरे घेतो, किमती समजायला सोप्या म्हणून माझ्या मनाच्या. रबाळे एमआयडीसीतल्या मोल्डिंगवाल्याकडचा बादल्यांचा एक लॉट कंपालाला पोचेपर्यंत १०० डॉलरला पडतो, ड्यूटी सोडून. नैरोबीचा कारखानदार तसाच लॉट ११२ ला देतो. त्याचं भाडं कमी, पण वीज महाग, मोल्ड बाहेरून आणलेले, आणि दाणाही (म्हणजे प्लास्टिकचे ग्रॅन्यूल्स) बाहेरूनच येतो, म्हणून महाग. युनियनच्या आधी आपल्या मालावर युगांडा १५ टक्के लावायचं, म्हणजे ११५. केनियाच्या मालाला तेव्हाच्या वेगळ्या प्रादेशिक करारातून सवलतीचा दर होता, तो ६ धर, म्हणजे ११८ रुपये... सवयीने रुपये लिहिलं, ११८ डॉलर ७२ सेंट. गिऱ्हाईक आपलं.

२००५ उजाडलं. आपल्यावर २५, म्हणजे १२५. केनियाच्या बऱ्याच तयार मालावर युगांडाने लगेच शून्य केलं नाही, केनियाचे कारखाने मोठे म्हणून घाबरत होते, तर १० टक्के लावून दरवर्षी २ टक्क्यांनी कमी करत २०१० ला शून्य करायचं ठरलं. पहिल्या वर्षी केनियाचा लॉट पडला १२३ डॉलर २० सेंटला. आपल्यापेक्षा दोन डॉलरही कमी नाही, पण कमी. ऑर्डर गेली. आणि इथे बघ, कंपालाच्या दुकानदाराला आधी ११५ ला मिळणारी वस्तू आता १२३ ला मिळायला लागली! तुझा प्रश्नच असा आहे की युनियनने माल स्वस्त होतो, पण युगांडासारख्या देशाने बाहेरचा दर वर नेला की आधी महागच होतो. दरवर्षी दोन-दोन टक्के उतरत उतरत केनियाचा लॉट ११५ च्या खाली यायला २००९ उजाडलं, तेव्हा तो ११४ च्या आसपास होता. चार वर्षं गिऱ्हाईक आधीपेक्षा जास्त देत होतं, आणि वर्तमानपत्रात छापून येत होतं की प्रादेशिक व्यापार वाढतोय. वाढत होताच की.

मग २०१० ला केनियाचा दर शून्य, लॉट ११२. आता खरंच स्वस्त झाला, ११५ च्या जागी ११२. तू म्हणतेस ती परिस्थिती ही. आता हिशोब मांड. समज आधी ११५ ला वर्षाला १००० लॉट खपायचे, त्यातले ३०० युगांडाचेच कारखाने बनवायचे आणि ७०० आपल्याकडून जायचे. ११२ झाल्यावर खप १०६० झाला, स्थानिक कारखान्यांपैकी जे जेमतेम ११३-११४ ला बनवत होते ते बंद पडले, स्थानिक २४० वर आले, आणि केनियाकडून ८२० यायला लागले.

गिऱ्हाइकांचा फायदा: दर लॉटला ३ डॉलर, साधारण १०३० लॉटवर, म्हणजे ३०९०. स्थानिक कारखानदारांचा तोटा: ३ डॉलर, साधारण २७० लॉटवर, ८१०. आणि सरकार? आधी ७०० लॉटवर १५ डॉलर ड्यूटी मिळत होती, १०,५०० डॉलर. आता शून्य. ३०९० मधून ८१० आणि १०,५०० वजा कर, देश ८२२० डॉलरने खाली. गिऱ्हाईक खूष, दुकानदार खूष, आणि देश तोट्यात.

हेच दुसऱ्या बाजूने बघितलं तर तुझे दोन्ही शब्द वेगळे होऊन समोर येतात. जे ७०० लॉट आधी १०० च्या खर्चात मिळत होते ते आता ११२ च्या खर्चात मिळतायत, १२ गुणिले ७००, ८४०० डॉलर जास्तीचे देशाबाहेर चालले. हे डायव्हर्जन. आणि जे ६० लॉट स्थानिक कारखाने महागात बनवत होते ते स्वस्तात केनियाहून आले, आणि जे ६० लॉट आधी लोक घेतच नव्हते ते आता घ्यायला लागले, या दोन्हीत सरासरी दीड-दीड डॉलरचा फायदा, ९० आणि ९०, एकूण १८०. हे क्रिएशन. ८४०० मधून १८० गेले, ८२२० उरले, आकडा तोच. परीक्षेत त्रिकोण आणि चौकोन काढायला लावतात ना, ते दोन बारके त्रिकोण म्हणजे हे ९०-९०, आणि तो ऐसपैस चौकोन म्हणजे ८४००. चौकोन मोठा का, तर तो आधीपासून चालू असलेल्या सगळ्या आयातीवर लागतो, आणि त्रिकोण फक्त नवीन वाढलेल्या मालावर. जेकब व्हायनर या अर्थतज्ज्ञाने १९५० मध्ये हे दोन शब्द काढले तेव्हा त्याचा मुद्दा हाच होता की युनियन म्हणजे मुक्त व्यापाराकडे टाकलेलं पाऊल असं धरून चालू नका.

यावरून डायव्हर्जन वाईटच आणि क्रिएशन छोटंच असं समजू नकोस, आकडे फिरवून बघ. समज युगांडाचा आधीचा दर ५० टक्के असता. आपला लॉट १५० ला पडला असता, स्थानिक कारखाना १३० ला बनवतो, मग आयात शून्य, सरकारची ड्यूटीही शून्य. अशा बाजारात केनियाचा ११२ चा माल ड्यूटीशिवाय आला तर गमवायला काहीच नाही, सगळं क्रिएशन. म्हणजे जिथे आधी भिंत इतकी उंच होती की कोणी आत येतच नव्हतं तिथे युनियन फायद्याची, आणि जिथे आधीच मध्यम दराने सगळ्यात स्वस्त विक्रेता आत येत होता तिथे युनियन महागात पडायची शक्यता जास्त. आणि दुसरं, समज कॉमन दर २५ च्या जागी १० ठेवला असता, तर आपला लॉट ११० आणि केनियाचा ११२, ऑर्डर हललीच नसती. केनियाचा खर्च आपल्यापेक्षा १२ टक्के जास्त आहे, म्हणून बाहेरचा दर १२ च्या वर गेला की डायव्हर्जन, खाली राहिला की नाही. माझ्याकडे कोणी नवीन मार्केटबद्दल विचारायला आलं की मी हे दोनच आकडे काढतो, आत बनवणाऱ्याचा आपल्यापेक्षा जास्तीचा खर्च किती टक्के आणि बाहेरचा दर किती टक्के.

आता तांदळाकडे ये, कारण तिथे गंमत वेगळी आहे आणि ती पुस्तकात सहसा धड येत नाही. वरच्या उदाहरणात मी धरलं की केनिया पाहिजे तेवढ्या बादल्या ११२ ला देऊ शकतं. पण भागीदाराकडे तेवढा मालच नसेल तर?

तांदूळ या युनियनमध्ये सेन्सिटिव्ह लिस्टवर आहे, बाहेरच्या तांदळाला ७५ टक्के किंवा टनामागे ३४५ डॉलर, यातलं जे जास्त ते. पण केनिया पिकवतं त्यापेक्षा कितीतरी जास्त तांदूळ खातं, ७५ लावला तर लोक रस्त्यावर येतील, आणि केनियाला तांदूळ विकणारं पाकिस्तान केनियाचा चहा भरपूर घेतं, ते गिऱ्हाईकही सांभाळायचं असतं. म्हणून केनिया वर्षानुवर्षं सूट घेत आलंय, ३५ टक्के किंवा टनामागे २०० डॉलर. याला तिकडे स्टे ऑफ ॲप्लिकेशन म्हणतात: कॉमन दर कागदावर राहतो, पण एखादा देश एका वर्षासाठी वेगळा दर लावतो, दर जूनअखेर गॅझेट निघतं आणि १ जुलैपासून लागू होतं. वाशीच्या दाणा बंदरात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तांदळाचे जे लोक आफ्रिकेचं बघतात त्यांना जूनचा शेवटचा आठवडा म्हणजे परीक्षेच्या निकालासारखा.

आता टांझानिया तांदूळ पिकवतं आणि तो केनियात बिनड्यूटी जातो. समज बाहेरचा तांदूळ मोंबासाला ४०० डॉलर टन पडतो. ३५ टक्के म्हणजे १४० होतात, पण किमान २०० असल्यामुळे २०० लागतात, झाले ६००. (इथे एक चूक सगळे करतात, टक्का बघतात आणि ‘किंवा’ नंतरचं वाचत नाहीत. स्वस्त तांदळाला हा ३५ चा दर प्रत्यक्षात ५० टक्के बसला!) टांझानियाच्या शेतकऱ्याचा तांदूळ सीमेवर ५२० ला पोचतो, पण तो केनियाची सगळी भूक भागवू शकत नाही, उरलेला बाहेरूनच यायचा. मग नैरोबीत भाव कोण ठरवणार? जो शेवटचा टन येतो तो, म्हणजे बाहेरचा, ६०० चा. टांझानियाचा व्यापारी ५२० ला का विकेल, तोही ६०० च्या भावानेच विकणार. झालं काय, केनियाच्या गिऱ्हाइकाला एक पैसा स्वस्त मिळालं नाही, सरकारची टनामागे २०० डॉलर ड्यूटी गेली, त्यातले साधारण ८० टांझानियाच्या साखळीत गेले आणि १२० नुसते जास्तीच्या उत्पादनखर्चात विरले. इथे क्रिएशनचे ते बारके त्रिकोणही नाहीत, कारण भाव हललाच नाही. मला विचारशील तर लहान देशांच्या युनियनमध्ये शेतमालात सगळ्यात जास्त वेळा हेच होतं. आणि टंचाईच्या वर्षी केनिया ठरावीक कोट्यापुरती बाहेरच्या तांदळाची ड्यूटी माफ करतं, त्या वर्षी टांझानियाच्या व्यापाऱ्याचा तो जास्तीचा नफा गायब होतो आणि तो ओरडतो, बरोबरच आहे त्याचं.

आणि ६०० आणि ४०० मध्ये एवढं अंतर असलं की माणूस वाट शोधणारच. आशियातला तांदूळ आधी एका सदस्य देशात कमी ड्यूटीत उतरवायचा, पोती बदलायची आणि स्थानिक म्हणून शेजाऱ्याकडे न्यायचा, अशा तक्रारी तिकडे नेहमीच्या. खऱ्या कस्टम्स युनियनमध्ये उगमाचा दाखला लागायला नको, बाहेरचा दर सगळीकडे एकच असेल तर कुठूनही आला तरी काय फरक पडतो. पण प्रत्येकजण दरवर्षी स्टे घेतो म्हटल्यावर दर वेगळे, आणि दर वेगळे म्हणजे सीमेवर परत दाखले, परत तपासणी, परत भांडण. नावाला कस्टम्स युनियन, वागणं एफटीएचं.

या स्टेच्या आणि गॅझेटच्या भानगडीत मी स्वतः एकदा पोळलोय. १ जुलै २०२२ ला त्यांनी चौथी पट्टी आणली, ३५ टक्क्यांची, त्यात फर्निचर, सिरॅमिक, रंग, कपडे, मसाले असं बरंच काही गेलं. भिवंडीच्या एका कारखान्यातली स्टीलची कपाटं मी जूनच्या मध्यावर न्हावाशेवाहून लावली होती, भाव २५ धरून दिलेला. मला वाटलं बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या कागदाची, तारीख जूनची आहे म्हणजे जुना दर लागेल. तसं नसतं. माल तिथे पोचून देशात वापरण्यासाठी म्हणून एंट्री भरली जाते त्या दिवशीचा दर लागतो, आणि जहाज पोचलं जुलैत. त्यात आता कंपालाला जाणाऱ्या मालाची ड्यूटी मोंबासातून कंटेनर हलायच्या आधीच भरावी लागते, त्यामुळे सीमेपर्यंत जाऊन बघू म्हणायलाही जागा नव्हती. फॉरवर्डरने पंधरा दिवस आधी गॅझेटचा मसुदा पाठवलेला, तो मी उघडलाच नव्हता, चूक माझीच. फरक मी आणि बायरने अर्धा-अर्धा घेतला आणि पुढची कपाटं त्याने नैरोबीहून घेतली. डायव्हर्जन बघायचं असेल तर हे बघ, ते असं एका ईमेलने होतं: ‘थँक यू, वी हॅव लोकल ऑप्शन नाऊ.’

आता ओळखायचं कसं. युगांडाच्या आयातीचे आकडे घे, एक एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये मालाच्या प्रकाराला असतो तो नंबर, पकड, बादल्यांसाठी ३९२४ बघ, आणि युनियनच्या आधीची तीन वर्षं आणि नंतरची पाच वर्षं समोर ठेव. भागीदाराकडून आयात वाढली एवढ्यावरून काहीच कळत नाही, ती दोन्हीत वाढते. बघायचं ते बाहेरच्यांकडून येणाऱ्या मालाकडे. भागीदाराचं वाढलं आणि बाहेरच्यांचं तेवढंच कमी झालं, एकूण जवळपास तेच, तर डायव्हर्जन. बाहेरच्यांचं तेवढंच राहिलं आणि भागीदाराचं वाढलं, आणि स्थानिक उत्पादन कमी झालं, तर क्रिएशन. मग एकूण किमतीला एकूण किलोने भाग आणि ड्यूटीच्या आधीचा किलोचा भाव वर गेला का ते बघ, भाव वर गेला आणि विक्रेता बदलला तर शंका घ्यायला जागा आहे.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे नैरोबीच्या होलसेलरकडून घेतलेला भारतीय माल काही वेळा एंट्रीत केनियाचा म्हणून लिहिला जातो, म्हणजे जो विक्रेता बदललाच नाही तो बदलल्यासारखा दिसतो. दुसरं, भारताचा वाटा पडला म्हणजे डायव्हर्जन झालं असं आपल्याकडचे एक्स्पोर्टर सरसकट म्हणतात, मीही म्हणायचो. पण प्लास्टिकच्या मालात आपली बरीच जागा चीनने घेतली, आणि चीनलाही तोच दर लागतो. ज्याला आपल्याएवढीच ड्यूटी लागते त्याने आपल्याला हरवलं तर ती साधी स्पर्धा आहे, युनियनचा काही संबंध नाही. म्हणून भारत एकटा काढून बघू नकोस, बाहेरचे सगळे मिळून एक रकाना कर.

युगांडाने मग हा तोटा का सोसला, हे तू विचारशीलच. एक तर तोटा कुठल्याच एका माणसाच्या खिशातून जात नाही, त्यामुळे कोणी ओरडत नाही. दुसरं, समुद्र नसलेल्या देशाला मोंबासाचा रस्ता हवा असतो, आणि युनियनमुळे कंटेनर बंदरातून लवकर सुटायला लागले, तो फायदा माझ्या गणितात धरलेलाच नाही. पण वाटणीचं भांडण तिथे जुनं आहे. याच तीन देशांनी १९६७ मध्ये आधीही अशी कम्युनिटी केली होती, कारखाने केनियात एकवटतात म्हणून इतर दोघांना केनियाच्या मालावर ट्रान्सफर टॅक्स लावायची मुभासुद्धा दिली होती, तरी १९७७ मध्ये ती मोडली. मोडायला राजकारण भरपूर होतं, पण आमची ड्यूटी बुडते आणि कारखाने तुमच्याकडे जातात, ही तक्रार त्यातली मोठी होती.

राहिला माझा रबाळ्याचा मोल्डिंगवाला. त्याच्या बादल्या कंपालाला जाणं बंद झालं, पण त्याचा जो दाण्याचा सप्लायर होता त्याचे कंटेनर वाढले, कारण नैरोबीच्या कारखान्यांना बादल्या बनवायला दाणा लागतोच आणि कच्च्या मालावर कॉमन दर शून्य. आता मी नैरोबीला दाणा आणि जुने मोल्ड पाठवतो. तयार मालाचं डायव्हर्जन मोजताना ३९२४ एकटा बघितलास तर हे दिसणार नाही, दाण्याचे ३९०२ आणि ३९०१ पण शेजारी ठेव.